घरात एकाला टीबी निघाला: बाकीच्यांची तपासणी आणि लहान मुलांचं प्रतिबंधक औषध

माझ्या धाकट्या दिरांना फुफ्फुसाचा टीबी निघाला तेव्हा घरात तीन मुलं होती: माझी तीन वर्षांची मुलगी, जाऊबाईंचा नऊ वर्षांचा मुलगा आणि त्यांचीच सहा महिन्यांची तान्ही. दिरांचं औषध लगेच सुरू झालं. मुलांचं काय करायचं हे मात्र प्रत्येक जण वेगळं सांगत होता. कोणी म्हणे खोकला आला तर आणा, कोणी म्हणे सगळ्यांना एकदमच गोळ्या सुरू करा. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का चुकीचे आणि बरोबर क्रम कोणता, हे इथे लिहिते आहे. औषध आणि डोस ठरवणार डॉक्टरच. पण काय विचारायचं हे माहीत असलं की काम लवकर होतं.

आधी एक फरक समजून घ्या

टीबीचे जंतू शरीरात शिरले म्हणजे टीबी झाला असं नाही. बहुतेकांच्या शरीरात ते दबून राहतात. माणसाला काही त्रास नसतो आणि त्याच्यापासून कोणाला लागणही होत नाही. याला संसर्ग म्हणतात. जंतू वाढून त्रास सुरू झाला की तो आजार. संसर्गात जंतू मोजके असतात, म्हणून एक-दोन औषधं पुरतात. आजारात ते प्रचंड संख्येनं असतात आणि त्यातले काही एखाद्या औषधाला दाद न देणारे असू शकतात, म्हणून सुरुवातीला तीन-चार औषधं एकत्र द्यावी लागतात. आजार असलेल्या मुलाला चुकून प्रतिबंधाची एक-दोन औषधंच दिली तर साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि पुढे तेच वाढतात. सरसकट सगळ्यांना गोळ्या सुरू करायच्या नाहीत, त्या यामुळे.

‘खोकला आला तर आणा’ हा सल्ला लहान मुलांच्या बाबतीत का चालत नाही, ते वयावर अवलंबून आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला आणि औषध दिलं नाही, तर जवळपास निम्म्या बाळांना आजार होतो. त्यातल्या काहींना मेंदूच्या आवरणाचा किंवा अंगभर पसरणारा टीबी होतो. वय वाढतं तसा हा धोका कमी होतो, पाच ते दहा वर्षांत सर्वांत कमी असतो आणि किशोरवयात पुन्हा वाढतो. लहानांत आजार होतो तो बहुधा संसर्गानंतर वर्षभराच्या आत. म्हणजे थांबून बघायला वेळच नसतो.

१. यादी करा, आणि ती घराच्या उंबऱ्यावर थांबवू नका

रुग्णाचं औषध सुरू होण्याच्या आधीचे तीन महिने डोळ्यांसमोर आणा. त्या काळात जो कोणी त्याच्याबरोबर एकाच बंद जागेत एक रात्र जरी झोपला, किंवा दिवसा वरचेवर बराच वेळ बसला, तो घरचा संपर्क धरतात. आडनाव आणि नातं इथे गौण आहे. दिवसभर बाळाला सांभाळणारी बाई यादीत येते. सुट्टीत येऊन राहिलेला भाचाही येतो, तो आता परत गेलेला असला तरी. आम्ही पहिल्यांदा यादी केली तेव्हा नणंदेची मुलगी कोणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण ती ‘आपल्या घरात राहत नाही’.

प्रत्येक नावापुढे वय लिहा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या, एचआयव्ही असलेल्या कोणाच्याही, आणि गरोदर किंवा मधुमेह असलेल्या माणसांच्या नावांवर खूण करा. रांग लावायची वेळ आली तर पाच वर्षांखालची मुलं आणि एचआयव्ही असलेले आधी.

रुग्णाला टीबी फुफ्फुसाचा नसून मानेच्या गाठीचा किंवा हाडाचा असेल, तर त्याच्यापासून सहसा लागण होत नाही. तरी घरच्यांची चौकशी होतेच, कारण त्याला ज्याच्याकडून लागण झाली तो माणूस याच घरात असू शकतो. रुग्ण लहान मूल असेल तर हे जास्तच लागू पडतं. मुलाला टीबी बहुतेक वेळा जवळच्या मोठ्या माणसाकडून येतो, तेव्हा शोध उलट्या दिशेनं घ्यावा लागतो.

२. रुग्णाच्या थुंकीचा रिपोर्ट हातात घ्या

हा कागद बरोबर नसल्यामुळे खूप हेलपाटे होतात. मुलांच्या डॉक्टरांना रुग्णाविषयी दोन गोष्टी कळायला हव्यात. थुंकीत जंतू सापडले का, आणि ते रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतात का. जीनएक्सपर्टसारख्या तपासणीत दोन्ही उत्तरं एकत्र मिळतात. रिपोर्टवर रिफाम्पिसिन रेझिस्टन्स आढळला आहे की नाही ती ओळ शोधा.

आढळला नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा लागू. आढळला असेल तर नेहमीची प्रतिबंधक औषधं, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन, त्या जंतूंवर भरवशाची नाहीत. अशा संपर्कांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये सहा महिने रोज लिव्होफ्लॉक्सासिनची शिफारस केली आहे. ती वाट वेगळी आहे, तिथे अशा टीबीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडेच जा.

तपासणीला जाताना बरोबर ठेवा:

- रुग्णाचा थुंकीचा रिपोर्ट आणि उपचाराचं कार्ड
- मुलाचं लसीकरणाचं कार्ड, ज्यावर वजनाच्या नोंदी असतात
- मुलाला रोज चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटं, विशेषतः फिट्सची आणि एचआयव्हीची
- वयाची खूण केलेली तुमची यादी
- आधी काढलेला एक्स-रे असल्यास तो

३. लक्षणं विचारायची ती नेमकी

‘सगळे बरे आहात ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. मोठ्या माणसांना चार प्रश्न वेगवेगळे विचारा: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घामानं कपडे भिजतात का. किती दिवसांपासून, हेही विचारा. पण दोन आठवडे झाले नाहीत म्हणून खोकला लपवू नका. घरात टीबीचा रुग्ण असताना कोणत्याही खोकल्याची नोंद व्हायला हवी.

मुलांत तीन गोष्टी बघतात: खोकला, ताप, आणि वजन न वाढणं. तिसरी गोष्ट नजरेला दिसत नाही. मूल हडकुळं दिसतंय की गुबगुबीत, यावरून काही ठरत नाही. वजनाच्या तक्त्यावर मागच्या तीन-चार नोंदी जोडून बघा. रेषा वर चढायची थांबून आडवी झाली असेल किंवा खाली झुकली असेल, तर ते लक्षण आहे, मग मूल कितीही उड्या मारत असो. पूर्वीसारखं खेळत नाही, सारखं झोपून राहतं, मानेला न दुखणारी गाठ आहे, हेही सांगा.

पाच वर्षांवरच्या मुलांचा आणि मोठ्यांचा छातीचा एक्स-रे शक्य असेल तिथे काढावा, कारण आजार सुरू झालेल्या काहींना अजून काहीच त्रास होत नसतो. पाच वर्षांखालच्या लक्षणं नसलेल्या मुलाचाही काढला तर चांगलंच. मात्र एक्स-रे मिळत नाही म्हणून अशा मुलाचं प्रतिबंधक औषध अडवायचं नसतं.

४. लक्षण असेल तर गोळ्या थांबवा, तपासणी पूर्ण करा

आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याला खोकला होता. शाळेतून आणलेला सर्दी-खोकला असेल असं जाऊबाई म्हणत होत्या, आणि तसंच असण्याची शक्यताही भरपूर होती. पण त्याच्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या मुळाशी गाठी दिसल्या.

मुलांना बेडका काढता येत नाही, गिळून टाकतात. म्हणून त्यांचा नमुना वेगळ्या वाटेनं घेतात. सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी काढतात, नाकाच्या मागून स्राव ओढून घेतात, किंवा शौचाचा नमुना जीनएक्सपर्टला पाठवतात. शौचाच्या नमुन्यालाही आता जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, आणि मुलाला त्याचा काहीच त्रास नाही. तुमच्याकडे ती सोय आहे का ते जरूर विचारा.

इथे एक सापळा आहे. मुलांच्या शरीरात जंतू कमी असल्यामुळे आजार असूनही नमुना निगेटिव्ह येऊ शकतो. निगेटिव्ह रिपोर्ट बघून आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण डॉक्टर लक्षणं, एक्स-रे आणि घरातला रुग्ण असं सगळं मिळून ठरवतात. पुतण्याचा नमुना निगेटिव्हच होता, तरी त्याला टीबीचा पूर्ण उपचार दिला गेला. मुलांचा सौम्य प्रकारचा टीबी चार महिन्यांच्या उपचारानंही बरा होतो, ही शिफारस २०२२ पासूनची आहे. त्याचा प्रकार त्यात बसत होता.

५. ठणठणीत मुलाला औषध कशाला, याचं उत्तर

लक्षणं नाहीत, वजन वाढतंय, रुग्णाच्या थुंकीत जंतू सापडलेत आणि मूल पाच वर्षांखालचं आहे. अशा मुलाला प्रतिबंधक औषध द्यायचं. त्यासाठी आणखी एखादी तपासणी पॉझिटिव्ह यावी लागत नाही. हे वाक्य मला सुरुवातीला कोणी ठामपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एका दवाखान्यात आम्हाला हातावरची टेस्ट करून मग ठरवू म्हणाले, आणि ती टेस्ट तिथे शिल्लकच नव्हती.

हातावरची टेस्ट म्हणजे कातडीत थोडं औषध टोचून ४८ ते ७२ तासांनी फुगवटा मोजतात ती. इग्रा ही रक्ताची तपासणी. दोन्ही तपासण्या शरीराची जंतूंशी ओळख झाली आहे का एवढंच सांगतात. संसर्ग आहे की आजार हे दोन्हींतून कळत नाही. शिवाय लागण झाल्यावर टेस्ट पॉझिटिव्ह यायला काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात, आणि कुपोषित मुलात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पाच वर्षांवरची मुलं आणि मोठी माणसं यांच्यासाठी या तपासण्या निर्णयाला मदत करतात. लहानग्यांसाठी त्यांची वाट बघत बसू नये.

बीसीजीची लस झाली आहे म्हणून औषध नको, असंही ऐकाल. बीसीजी तान्ह्यांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बरंच वाचवते, पण घरातच रुग्ण असताना तेवढ्यावर भागत नाही. लस झालेल्या मुलालाही औषध द्यायचं असतं.

नवजात बाळाची आईच रुग्ण असेल तर बाळाला आजार नाही ना हे बघून प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि बीसीजी पुढे ढकलतात, कारण लसीतल्या जिवंत जंतूंनाही ते औषध मारतं. आईनं अंगावरचं दूध बंद करायचं नाही. तोंडाला मास्क लावून पाजायचं.

६. कोणतं औषध, किती

मुलांसाठी तीन पद्धती जास्त ऐकायला मिळतात. आयसोनियाझिड रोज, सहा महिने. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन रोज, तीन महिने. आणि आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा डोस, जी साधारणपणे दोन वर्षांपासून पुढे वापरतात. माझं मत विचाराल तर लहानग्यांसाठी मधली सोयीची. मुदत निम्मी, आणि पाण्यात विरघळणारी फळाच्या चवीची एकत्रित गोळी मिळते.

त्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि ७५ मिलिग्रॅम रिफाम्पिसिन असतं. वजनाप्रमाणे रोजच्या गोळ्या अशा:

- ४ ते ८ किलोच्या आत: १
- ८ ते १२ किलोच्या आत: २
- १२ ते १६ किलोच्या आत: ३
- १६ ते २५ किलोच्या आत: ४

माझी मुलगी १४ किलोची होती, म्हणून रोज तीन गोळ्या. म्हणजे १५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि २२५ मिलिग्रॅम रिफाम्पिसिन. किलोमागे हिशेब केला तर अनुक्रमे ११ आणि १६ च्या आसपास येतो. मुलांसाठी मान्य मर्यादा ७ ते १५ आणि १० ते २० अशी आहे, तेव्हा डोस मधोमध बसला. पूर्ण कोर्स ८४ डोसांचा, म्हणजे तिच्या २५२ गोळ्या. हा आकडा काढून ठेवला की पाकिटं कधी संपतील आणि पुढची कधी आणायची ते नेमकं कळतं.

तान्ही ७ किलोची होती, तिला एक गोळी. पण त्या वयात वजन भराभर वाढतं. कोर्स संपायच्या आधीच ती ८ किलोवर गेली आणि गोळ्या दोन झाल्या. दर महिन्याला वजन करून डोस पुन्हा बघायला सांगा. सुरुवातीचा डोस कागदावर लिहिला की तोच शेवटपर्यंत चालू राहतो, असं सहज होतं, आणि वाढत्या बाळाला मग औषध कमी पडतं.

मूल कुपोषित असेल, त्याला एचआयव्ही असेल किंवा ते अंगावर पीत असेल तर बरोबर ब-६ जीवनसत्त्व द्यायचं का ते विचारा. आयसोनियाझिडमुळे हातापायांच्या नसांना होणारा त्रास त्यानं टळतो. रिफाम्पिसिनमुळे फिट्सच्या, एचआयव्हीच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. मुलाला किंवा किशोरवयीन मुलीला यातलं काही चालू असेल तर ते आधीच सांगा.

७. रोजचा डोस आणि लघवीचा रंग

गोळ्या वाटीत थोड्या पाण्यात विरघळवा, लगेच पाजा आणि वाटी खळबळून तेही पाजा. तळाशी औषध राहतं. शक्यतो उपाशीपोटी द्यावं. मळमळ होत असेल तर थोडं खाऊन दिलेलं चालतं. औषध न घेण्यापेक्षा ते बरं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. वेळ रोज एकच ठेवा आणि प्रत्येक डोसनंतर तारखेवर खूण करा. दोन माणसं औषध देत असतील तर ही खूण नसेल तेव्हा डोस चुकतात तरी किंवा दुप्पट तरी होतात.

पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी केशरी दिसेल. डोळ्यांतलं पाणी आणि घामही रंगू शकतो. हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. आमच्याकडे याच रंगाला घाबरून तान्हीचं औषध थांबता थांबता राहिलं.

यकृताला त्रास झाला तर चित्र वेगळं असतं. मुलांत तो क्वचितच होतो, पण ओळखता आला पाहिजे. मूल खायला मागत नाही, वारंवार उलट्या करतं, पोट दुखतं म्हणतं, गळून जातं, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो आणि लघवी केशरी न राहता गडद, काळपट चहासारखी होते. रंगावर शंका आली तर मूल जेवतंय का आणि डोळे पांढरे आहेत का, हे दोन बघा. यातलं काही दिसलं तर पुढचा डोस देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अंगभर पुरळ आलं तरी तसंच.

८. डोस चुकले तर

एखाद-दोन दिवस चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. राहिलेले डोस शेवटी जोडा. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये ८४ पैकी निदान ६८ डोस १२० दिवसांच्या आत पोटात गेले तर कोर्स पूर्ण धरतात. सलग दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. मुलाला मधल्या काळात लक्षणं आली नाहीत ना हे आधी तपासायचं असतं, आणि मग डॉक्टर ठरवतात की तिथूनच पुढे जायचं की पहिल्यापासून.

कोर्स चालू असताना खोकला, ताप आला किंवा वजन थबकलं तर पायरी चारवर परत या. औषध चालू आहे म्हणून टीबी असूच शकत नाही, असं धरू नका.

९. कोर्स संपल्यावर

संपल्याची तारीख आणि घेतलेल्या डोसांची संख्या मुलाच्या कार्डावर लिहून घ्या. लसीसारखं हे संरक्षण पुढे टिकून राहतं असं समजू नका. घरात पुन्हा कोणाला टीबी झाला, किंवा पहिल्या रुग्णानं औषध मध्येच सोडलं आणि थुंकीत जंतू परत आले, तर मुलांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. रुग्णाच्या पुढच्या थुंकी तपासणीच्या तारखा म्हणून तुमच्याकडेही लिहून ठेवा.

औषध न घेतलेल्या मोठ्या माणसांची लक्षणं पुढची दोन वर्षं मधूनमधून विचारत राहा. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, पहिला एक्स-रे स्वच्छ होता आणि त्यांनी प्रतिबंधक औषधाला नकार दिला. त्यांना दर तीन महिन्यांनी मी तेच चार प्रश्न विचारते, त्या चिडल्या तरी.